आवाज न करता दडपे पोहे: घाईच्या सकाळी जोडीदारासाठी

कामाच्या दिवशी सकाळी जोडीदाराला न सांगता न्याहारी करायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी कांदेपोहे किंवा उपमा येतो. दोन्ही पदार्थ चांगले आहेत, पण या कामाला अडचणीचे. कांदा परतायला लागलात की वास थेट आतल्या खोलीत जातो. शिवाय दोन्ही गरमागरम खायचे पदार्थ आहेत, माणसाला दहा मिनिटं उशीर झाला की पोहे कोरडे पडतात आणि उपम्याचा गोळा होतो. रोज धावपळ करणाऱ्या माणसाची सकाळ ठरल्या वेळेवर कधीच जात नाही. म्हणून वाट बघू शकणारा पदार्थ निवडावा.

कोकणातले दडपे पोहे तसे आहेत. पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू, मीठ, साखर कालवायचं, वर ताटली आणि वजन ठेवून दडपायचं, आणि शेवटी फोडणी घालायची. गॅस लागतो तो फोडणीपुरता, दोन-तीन मिनिटं. गार खाल्ले तरी चांगले लागतात, अर्धा तास उशीर झाला तरी बिघडत नाहीत, आणि बसून खायला वेळ नसेल तर डब्यातून नेता येतात. दोन माणसांना खर्चही फारसा येत नाही, आणि त्यातला मोठा वाटा नारळाचाच असतो. अर्धा नारळ तरीही उरतो.

दिवस ठरवण्याआधी कॅलेंडर बघा

ही पायरी लोक विसरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. जोडीदाराचा मंगळवार, गुरुवार किंवा संकष्टी असेल तर पोहे चालत नाहीत. चातुर्मासात किंवा श्रावणात घरात कांदा वर्ज्य असेल तर कांद्याऐवजी काकडी घालावी लागेल, त्याबद्दल पुढे येईलच. आणि त्या दिवशी उपाशीपोटी रक्त द्यायचं ठरलं आहे का, हेही आदल्या दिवशी सहज बोलता बोलता काढून घ्या.

दुसरी गोष्ट, जोडीदार सकाळी खरंच बसून खातो का, की उभ्या उभ्या चहा पिऊन पळतो, ते दोन-तीन दिवस नुसतं बघा. पळत असेल तर निम्मे पोहे ताटलीत आणि निम्मे डब्यात असा हिशेब धरा.

काय लागेल

हे माप दोन माणसांचं आहे. चमचा म्हणजे पोहे खायचा, छोटा चमचा म्हणजे चहात साखर घालायचा.

पातळ पोहे १०० ग्राम घ्या. आमटीच्या वाटीने हलक्या हाताने भरले तर साधारण चार वाट्या होतात. मूठभर वेगळे बाजूला ठेवा, ते नंतर उपयोगी पडतात. ओलं खोबरं पाऊण वाटी, म्हणजे मध्यम नारळाची एक कवड. नारळाचं पाणी पाच-सहा चमचे. एक मध्यम कांदा, दोन हिरव्या मिरच्या, एक लिंबू, मूठभर कोथिंबीर. मीठ एक छोटा चमचा सपाट, साखर दोन छोटे चमचे. फोडणीला दोन चमचे तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, पाव छोटा चमचा हळद, दोन चिमटी हिंग, आठ-दहा कढीपत्त्याची पानं. दोन चमचे शेंगदाणे, आणि असले तर दोन पोह्याचे पापड.

या यादीतल्या पोह्यांच्या जातीत मात्र तडजोड करू नका. दुकानात नुसतं ‘पोहे द्या’ म्हटलं की कांदेपोह्यांचे जाड पोहे मिळतात. जाड पोहे भिजवल्याशिवाय मऊ होत नाहीत. इथे आपण ते भिजवणार नाही, फक्त ओलसर करणार आहोत, त्यामुळे जाड पोहे वरून ओले आणि आत टणक राहतात, दातात कचकचतात. आपल्याला चिवड्याचे पातळ पोहे हवेत. पिशवीवर तसं लिहिलेलं नसेल तर एक पोहा उजेडासमोर धरा. पातळ पोह्यातून उजेड झिरपतो आणि तो बोटांत सहज चुरतो.

रात्रीची कामं

सकाळचा आवाज टाळायचा तर आवाजाची सगळी कामं रात्री उरकली पाहिजेत, आणि त्यांत सगळ्यात मोठा आवाज नारळ फोडण्याचा. रात्रीच्या स्वयंपाकात नारळ फोडला तर कुणालाच संशय येत नाही. आमटीला हवा होता म्हणून सांगा आणि थोडा आमटीत घालाही.

नारळ घेतानाच कानाशी हलवून बघा, पाणी वाजलं पाहिजे. डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नको. फोडताना डाव्या तळव्यात आडवा धरा, नारळाच्या डोळ्यांपासून दूर, बरोबर मध्यावर कोयत्याच्या पाठीने किंवा बत्त्याने ठोका द्या, थोडा फिरवा, पुन्हा ठोका. चिरेतून पाणी गळायला लागलं की खाली पातेलं धरा. पाणी चाखून बघा. आंबूस लागलं तर त्या नारळाचं खोबरंही वापरू नका. चांगलं असेल तर गाळून झाकणाच्या वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर रात्रभर राहिलं तर सकाळपर्यंत ते आंबतं.

खोबरं खवताना करवंटीजवळची तपकिरी पाठ येऊ देऊ नका. ती आली की पोह्यांचा रंग मळकट होतो आणि खाताना चोथा लागतो. खवलेलं खोबरं डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवा. परदेशात किंवा जिथे नारळ महाग आहे तिथे गोठवलेलं खवलेलं खोबरं चालतं, फक्त ते रात्रीच फ्रीजरमधून काढून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं. सुक्या खोबऱ्याचा कीस मात्र नको. दडप्या पोह्यांना मऊपणा देणारी ओल बरीचशी खोबऱ्यातूनच येते, आणि सुकं खोबरं उलट पोह्यांच्या वाट्याची ओल पिऊन बसतं.

मग पोहे चाळा. पातळ पोह्यांच्या तळाशी नेहमी भुसा आणि चुरा असतो. तो राहिला तर ओल लागताच त्याची खीर होते आणि ती बाकीच्या पोह्यांना चिकटते. नवशिक्यांचे पोहे गिच्च होतात तेव्हा बऱ्याचदा दोष पाण्याचा नसून या चुऱ्याचा असतो. पावसाळ्यात पोहे सादळलेले असतील तर कढईत अगदी मंद आचेवर तीन मिनिटं हलवा. रंग बदलू द्यायचा नाही, नुसते कुरकुरीत झाले की थांबा. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर झाकणाला वाफ धरून पुन्हा सादळतात.

शेंगदाणेही रात्रीच तळून ठेवा. चमचाभर तेलात मंद आचेवर टाका, सालांवर तांबूस डाग दिसले आणि तडतड कमी झाली की काढा. कढईबाहेर काढल्यावरही ते आतून शिजत राहतात, म्हणून रंग मनासारखा यायच्या थोडं आधीच काढायचे. कोथिंबीर आणि कढीपत्ता धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवा. ओला कढीपत्ता सकाळी तेलात टाकलात तर केवढा आवाज करतो ते कळेल.

कांदा मात्र रात्री चिरून ठेवू नका. चिरलेला कांदा रात्रभरात उग्र होतो आणि फ्रिज उघडला की घरभर बातमी जाते. लिंबूही सकाळीच पिळायचं, रात्रीचा रस कडवट लागतो.

झोपण्याआधी शेवटचं काम म्हणजे लागणारी सगळी भांडी मांडणीतून काढून ओट्यावर फडक्यावर ठेवा: खोलगट परात किंवा मोठं पातेलं, त्यात बसेल अशी ताटली, फोडणीची पळी, सुरी, विळी नको. पहाटे भांड्यांच्या मांडणीतून एक ताटली ओढायला गेलं की बाकीच्या चार खाली येतात.

सकाळचं वेळापत्रक

एक उदाहरण धरू. डोंबिवलीत घर, फोर्टात नोकरी, सव्वासातला घर सोडायचं. जोडीदाराचा गजर साडेसहाला, पावणेसातला आंघोळ, सातला कपडे करून बाहेर. तर तुम्ही सहा वाजून दहा मिनिटांनी उठायचं. फोन थरथरण्यावर ठेवून उशीखाली, गजराचा आवाज बंद. साडेसहाच्या आत पोहे दडपून झाले पाहिजेत, म्हणजे जोडीदार उठून स्वयंपाकघरात आला तरी त्याला ओट्यावर झाकलेलं एक पातेलं दिसेल आणि वर पाण्याचा तांब्या. त्यात काही विशेष वाटत नाही. फोडणी द्यायची ती न्हाणीघरात पाणी चालू झाल्यावर, साधारण सात वाजायला दहा कमी असताना. मोहरीचा तडतडाट त्या पाण्याच्या आवाजात बुडतो.

तुमच्या घरच्या वेळा वेगळ्या असतील. हिशेब उलटा करायचा: ताटली समोर ठेवायच्या वेळेआधी दहा मिनिटं फोडणी, फोडणीआधी वीस ते पंचवीस मिनिटं दडपण, आणि त्याआधी कालवायला पंधरा मिनिटं.

कालवणं आणि दडपणं

कांदा जमेल तितका बारीक चिरा. मिरच्या सुरीनेच अगदी बारीक करा, किंवा मीठ-साखरेबरोबर वाटीत घालून चमच्याच्या पाठीने चुरडा. खलबत्ता आज फडताळातच राहू दे. मिरची फोडणीत घालायची नाही, हे लक्षात ठेवा. तापल्या तेलात मिरची पडली की ठसका उठतो, आणि लहान फ्लॅटमध्ये तो झोपलेल्या माणसाला गजरापेक्षा लवकर उठवतो.

आता परातीत कांदा, मिरची, मीठ, साखर, लिंबाचा रस, खोबरं आणि निम्मी कोथिंबीर घ्या आणि बोटांनी दोन मिनिटं चुरा. पोहे अजून घालायचे नाहीत. मिठाने कांद्याला पाणी सुटतं, साखर विरघळते आणि खोबऱ्याचा ओलावा मोकळा होतो. तयार होते ती ओलसर कोशिंबिरीसारखी गोष्ट, आणि पोह्यांनी प्यायचा रस हाच. पोहे आधी आणि मीठ नंतर असा क्रम केला तर मीठ एका ठिकाणी बसतं, एक घास खारट आणि पुढचा अळणी लागतो. या टप्प्यावर चाखा: नेहमीपेक्षा थोडं जास्त खारट, आंबट आणि गोड लागलं पाहिजे, कारण यात अजून १०० ग्राम बेचव पोहे जायचे आहेत.

नारळाचं पाणी फ्रिजमधून काढून चार चमचे घाला. चव बघून मगच पोहे टाका, दोन हप्त्यांत. हात तळातून वर आणत उचलल्यासारखं मिसळायचं, मळायचं नाही. मळले की पातळ पोहे तुटतात आणि मग रात्री चुरा चाळून काढल्याचा काही उपयोग होत नाही.

सगळीकडे रस लागला की तळव्याने हलकेच सपाट करा, ताटली थेट पोह्यांवर ठेवा आणि तिच्यावर पाण्याने भरलेला तांब्या. किलो-सव्वा किलो वजन पुरे. वरवंटा किंवा दगडी बत्ता ठेवायची रीत आहे, पण तो अंधारात हातातून निसटला तर आजच्या कामाचा शेवटच झाला. ताटली भांड्याच्या काठावर टेकलेली नको, आत पोह्यांवर बसलेली हवी. काठावर टेकली तर ते नुसतं झाकण होतं. दाबामुळे पोहे एकमेकांना आणि ओल्या खोबऱ्याला चिकटून बसतात, त्यामुळे थोडासाच रस सगळ्यांपर्यंत पोचतो. दाब नसेल तर खालचे भिजतात आणि वरचे कोरडे राहतात, मग आपण वरून पाणी मारतो आणि सगळं बिघडतं.

पंधरा मिनिटांनी ताटली उचलून मधला एक पोहा काढा आणि बोटांत दुमडा. न तुटता वाकला आणि शेजाऱ्याला चिकटला नाही, तर झालं. कट्कन मोडला तर उरलेलं नारळाचं पाणी चमचा-चमचा करून शिंपडा, उचलून मिसळा आणि पुन्हा पाच-सात मिनिटं दडपा. बोटाला लगदा लागला तर ओल जास्त झाली आहे. त्यासाठीच मूठभर कोरडे पोहे राखून ठेवले होते, ते आता घाला आणि झाकण न ठेवता पाच मिनिटं उघडे राहू द्या.

याच मधल्या वेळात चहाचं आधण ठेवता येतं. आलं ठेचू नका, किसणीवर किसा.

फोडणी

पळीत तेल तापवा. एक मोहरीचा दाणा टाकून बघा, तो लगेच उडाला तर बाकीची मोहरी घाला आणि वर झाकण आडवं धरा. तडतड थांबत आली की गॅस बंद करा. हिंग, कढीपत्ता आणि सगळ्यांत शेवटी हळद घालायची ती गॅस बंद केल्यावरच. पळी लहान असते, तेल थोडं असतं, त्यामुळे ते भराभर तापतं आणि चालू आचेवर हळद दोन-तीन सेकंदांत करपते. फोडणी पिवळी असण्याऐवजी तपकिरी दिसली आणि वास जळकट आला तर ती पोह्यांवर ओतू नका. कडूपणा लिंबाने किंवा साखरेने झाकला जात नाही. तेल टाकून द्या, पळी पुसा, पुन्हा करा. दोन मिनिटं जातात, पण पोहे वाचतात. उलट, मोहरी न फुटता तशीच राहिली तर ती दाताखाली कडसर लागते. दोन्हींपैकी पहिली चूक घाईत होते, दुसरी भीतीने.

फोडणी एका जागी न ओतता गोल फिरवत ओता, दहा सेकंद थांबा आणि मग चमच्याने मिसळा. शेंगदाणे आणि उरलेली कोथिंबीर वाढतानाच घाला. पोह्याचा पापड गॅसवर थेट भाजायला अर्धा मिनिट लागतो. वास मात्र जोराचा येतो, तेव्हा तो जोडीदार न्हाणीघरातून बाहेर पडला की भाजा. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. पापड हाताने चुरून वर घातला की पोह्यांच्या मऊपणाला कुरकुरीतपणाची जोड मिळते. सांडगी मिरची तळायचा मोह होईल, पण तिचा धूर सहज आटोक्यात येत नाही. तिला रविवारसाठी ठेवा.

डब्यात द्यायचे असतील तर

फोडणी मिसळल्यावर पोहे पाच मिनिटं उघडे ठेवा, मग डबा भरा. गरम फोडणीवर झाकण लावलं की आत वाफ धरते. शेंगदाणे आणि पापड कागदाच्या पुडीत वेगळे द्या, आणि डब्यात चमचा ठेवायला विसरू नका.

कच्चा कांदा डब्यात तासाभरानंतर वास मारायला लागतो, आणि गच्च भरलेल्या लोकलच्या डब्यात किंवा वातानुकूलित ऑफिसात तो लपत नाही. म्हणून डब्यासाठीच करायचे असतील तर कांद्याऐवजी एक मध्यम काकडी कोचवून घाला. काकडीला कांद्यापेक्षा बरंच जास्त पाणी सुटतं. त्यामुळे तेव्हा नारळाचं पाणी आधी अजिबात घालू नका, काकडीचं पाणीच पोह्यांना पुरतं. कमी पडलं तर पंधरा मिनिटांच्या तपासणीनंतर घाला. कडू काकडी ओळखण्यासाठी देठाकडचा तुकडा आधी चाखून बघा, कोचवल्यावर कळून उपयोग नाही.

ओलं खोबरं उकाड्यात फार वेळ टिकत नाही. सकाळी सातला भरलेला डबा एप्रिल-मे महिन्यात दहा-साडेदहाच्या आत संपला पाहिजे, दुपारच्या जेवणाला ठेवायचा नाही. एवढं चिठ्ठीवर लिहून डब्यावर चिकटवा. खोबरं आंबलं तर डबा उघडताच आंबूस वास येतो आणि पोहे बोटाला बुळबुळीत लागतात, मग ते खायचे नाहीत.

उरलेली कवड खवून, सपाट पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका. पुढच्या वेळी नारळ फोडायचं निमित्त शोधावं लागणार नाही.